इमारतींचे तडित संरक्षण आणि भूसंपर्कन

इमारतीवर पडणाऱ्या विजेचा प्रवाह ठरावीक धातुमार्गाने जमिनीत नेऊन सोडण्याच्या व्यवस्थेस तडित संरक्षण म्हणतात. तिचे तीन भाग असतात. गच्चीवरील धातूचे दंड किंवा तारांची जाळी वीज झेलते, अवरोही वाहक तो प्रवाह खाली आणतात आणि जमिनीत पुरलेले भू-विद्युदग्र (अर्थिंगचे इलेक्ट्रोड) तो मातीत पसरवतात. प्रबलित काँक्रीटच्या इमारतीत स्तंभांतील लोखंडी सळयांनाच अवरोही वाहक म्हणून वापरता येते व पायातील सळया भू-विद्युदग्राचे काम करतात. सळयांचा हा सांगाडा मातीतील जस्तलेपित पट्टीस जोडला की त्या पट्टीचे गंजणे मात्र वेगाने होऊ लागते. पुणे शहराच्या ईशान्य भागातील विश्रांतवाडीसारख्या, काँक्रीटच्या बहुमजली गृहसंस्थांनी भरलेल्या उपनगरात या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत एकत्र येतात.

भारतात या विषयास आयएस/आयईसी ६२३०५ ही मानकमालिका लागू आहे. तिच्यापूर्वी आयएस २३०९ हे मानक वापरात होते. भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ पाहिले जाते.

## विश्रांतवाडीची परिस्थिती

विश्रांतवाडी पुणे–आळंदी रस्त्यावर असून कळस, धानोरी, टिंगरेनगर व लोहगाव ही तिच्या आसपासची वस्ती होय. पुण्यात गडगडाटी वादळे मुख्यतः एप्रिल–मेमधील वळवाच्या पावसात आणि सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस परततेवेळी होतात. जून ते ऑगस्टच्या संततधारेत विजा त्या मानाने कमी असतात. विजांच्या नोंदीचे संवेदकजाळे चालवणारी भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था पुण्यातच, पाषाण येथे आहे. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनी उपयोजनही तिनेच विकसित केले.

भूसंपर्कनाच्या दृष्टीने वादळाच्या ऋतूइतकेच जमिनीचे स्वरूप महत्त्वाचे असते. पुण्याखाली दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट खडक आहे. त्यावर कोठे मुरूम, तर सखल भागात काळ्या चिकण मातीचा थर असतो. ओली काळी माती विजेची चांगली वाहक असते, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि पट्टीशी असलेला तिचा संपर्क सुटतो. कोरड्या मुरुमाचा व खडकाचा विद्युत रोध याहून अनेक पटींनी अधिक असतो. तीन मीटर लांब व ४० मिलिमीटर जाड दंड १० ओहम-मीटर रोधकतेच्या ओल्या काळ्या मातीत उभा पुरला, तर त्याचा रोध गणिताने सुमारे ३ ओहम येतो. ५०० ओहम-मीटरच्या मुरुमात तोच दंड सुमारे १४० ओहम दाखवतो. वळवाची वीज जमीन सर्वांत कोरडी असताना येते. त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेले समाधानकारक मापन मे महिन्याविषयी फारसे काही सांगत नाही.

## सळया अवरोही वाहक कशा होतात

विजेचा प्रवाह अत्यंत मोठा, परंतु अत्यल्पकालीन असतो. मानकातील तिसऱ्या संरक्षण पातळीसाठी १०० किलोअँपिअरचा शिखर प्रवाह धरला जातो आणि पहिल्या तडाख्यात तो सुमारे १० मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो असे मानतात. इतक्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहापुढे तारेचा रोध नगण्य ठरतो आणि अडथळा येतो तो तिच्या प्रवर्तकत्वाचा, जो लांबीच्या दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतो.

उदाहरणादाखल २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद व २४ मीटर उंच अशी आठमजली इमारत घेता येईल. विश्रांतवाडीत या आकारमानाच्या इमारती विरळा नाहीत. गच्चीवरून एकच पट्टी खाली आणली, तर तिचे प्रवर्तकत्व २४ मायक्रोहेन्री होते आणि प्रवाहवाढीच्या त्या काही मायक्रोसेकंदांत तिच्या दोन टोकांमध्ये सुमारे २४० किलोव्होल्ट दाब निर्माण होतो. शेजारून पाण्याचा धातूचा नळ किंवा उद्वाहनाचे मार्गदर्शक रूळ जात असतील, तर वीज पट्टी सोडून भिंतीतून तिकडे उडी घेऊ शकते. तिसऱ्या पातळीत दर १५ मीटरला एक अवरोही वाहक असावा असा दंडक आहे. इमारतीचा परिघ ८० मीटर असल्याने किमान सहा वाहक लागतात. प्रवाह सहा वाटांत सारखा विभागला तर वरील दाब सुमारे ४० किलोव्होल्टवर येतो. प्रत्यक्षात विभागणी सारखी होत नाही. वीज ज्या कोपऱ्यावर पडते त्याच्या लगतचा वाहक अधिक भार उचलतो.

सळयांचा उपयोग येथे दिसून येतो. अशा इमारतीत वीसपंचवीस स्तंभ असतात व प्रत्येकात आठदहा उभ्या सळया असतात. मजल्यामजल्यावर तुळया व लाद्यांतील आडव्या सळया त्यांना जोडतात, त्यामुळे एक पिंजराच तयार होतो. या पिंजऱ्यात प्रवाह शेकडो वाटांनी विभागला जातो आणि प्रत्येक मजल्यावर आसपासचे सर्व धातू जवळपास एकाच दाबाला राहतात. बाहेरून लावलेल्या दोन पट्ट्यांनी हे साधत नाही.

सळया तापून काँक्रीट फुटेल ही शंका अनेकदा घेतली जाते. ती गणिताने तपासता येते. १६ मिलिमीटर सळईचे क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर व वजन दर मीटरला १.५८ किलोग्रॅम असते. तिसऱ्या पातळीच्या विजेची सर्व ऊर्जा अशा एकाच सळईतून गेली, तरी तिचे तापमान दोनतीन अंश सेल्सिअसच वाढते. काँक्रीटची ढलपी उडते ती वेगळ्या कारणाने. गच्चीच्या कठड्यावर धातूचा झेलदंड नसेल, तर वीज काँक्रीटचे आवरण भेदून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. त्या ठिणगीने काँक्रीटमधील ओलाव्याची क्षणार्धात वाफ होऊन कोपरा फुटतो. दोन सळयांमध्ये फट राहिली असेल तेथेही हेच घडते.

यामुळे सळयांचे विद्युत सातत्य हा या पद्धतीचा कणा ठरतो. मानकानुसार उभ्या सळया वेल्ड केलेल्या, क्लॅम्पने आवळलेल्या किंवा व्यासाच्या किमान २० पट लांबीपर्यंत एकमेकींवर चढवून तारेने घट्ट बांधलेल्या असाव्या लागतात. १६ मिलिमीटर सळईसाठी ही लांबी ३२० मिलिमीटर होते. बांधकामाच्या मजबुतीसाठी ठेवली जाणारी चढण साधारणपणे व्यासाच्या ४० ते ५० पट असते, म्हणजे ही अट नेहमीच्या बांधणीत आपोआप पूर्ण होते. बारीक बांधणीच्या तारेवर हा विश्वास टाकला जातो, कारण असे सांधे हजारोंनी असतात आणि काही ढिले निघाले तरी प्रवाहास इतर वाटा मिळतात. हा युक्तिवाद विजेपुरताच खरा आहे. घरगुती वीजपुरवठ्यातील दोषप्रवाह अधिक काळ वाहतो, म्हणून त्याचा परतीचा मार्ग तारेने बांधलेल्या सांध्यावर सोपवत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र भूवाहक हवाच.

चांगल्या कामात निवडलेल्या प्रत्येक स्तंभातील एक सळई रंगाने खूण करून पायापासून गच्चीपर्यंत त्याच क्रमाने जोडत नेतात आणि तिचे सर्व सांधे क्लॅम्पचे ठेवतात. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरील कठीण कवचात असते व वेल्डिंगच्या उष्णतेने ते कवच मऊ पडू शकते. संरचना अभियंत्याच्या संमतीविना मुख्य सळयांस वेल्डिंग केले जात नाही ते यासाठी. त्यापेक्षा पिंजऱ्यात एक जादा साधी सळई किंवा पट्टी टाकून तिचे वेल्डिंग करणे श्रेयस्कर ठरते. इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळया या कामास निरुपयोगी असतात, कारण लेप विद्युतरोधक असतो. पूर्वताणित काँक्रीटमधील ताणलेल्या तारांमधून प्रवाह जाऊ देणेही टाळले जाते.

काम पूर्ण झाल्यावर गच्चीवरील जोडपट्टी व जमिनीलगतची जोडपट्टी यांमधील रोध चार तारांच्या पद्धतीने, सुमारे १० अँपिअर प्रवाह सोडून मोजतात. तो ०.२ ओहमपेक्षा अधिक नसावा. तसा तो आढळला, किंवा जुन्या इमारतीत मोजणेच शक्य नसले, तर सळयांवर विसंबून न राहता बाहेरून वाहक उतरवावे लागतात. सांधे काँक्रीटमध्ये गाडले गेल्यावर दुरुस्तीची संधी राहत नाही. म्हणून ओतकामापूर्वी काढलेली छायाचित्रे आणि नोंदी हाच पुढे एकमेव पुरावा उरतो. अनेक गृहसंस्थांकडे तो नसतो.

## पाया आणि भू-विद्युदग्र

जमिनीतील काँक्रीट ओलावा धरून ठेवते आणि त्यातून वीज वाहते. पायातील सळयांना भू-विद्युदग्र म्हणून वापरण्याची कल्पना हर्बर्ट उफर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कोरड्या जमिनीवरच्या दारूगोळा कोठारांसाठी राबवली. मुरूम-खडकाच्या जमिनीत तीनचार खड्ड्यांपेक्षा मोठा पाया बहुधा कमी रोध देतो, कारण त्याचे मातीशी लागलेले क्षेत्र कितीतरी मोठे असते. पायाखाली व भोवती प्लास्टिकचे जलरोधक आवरण घातले असेल तर मात्र हा लाभ मिळत नाही. तेथे आवरणाबाहेर वेगळे कडे टाकावे लागते.

तडित संरक्षणासाठी १० ओहमपेक्षा कमी रोध असावा अशी शिफारस आहे. तरीही ५ ओहम रोध व १०० किलोअँपिअर प्रवाह यांचा गुणाकार ५०० किलोव्होल्ट होतो, म्हणजे वीज पडते त्या क्षणी इमारतीचा सारा सांगाडा दूरच्या जमिनीच्या तुलनेत या दाबापर्यंत उचलला जातो. अशा वेळी आतील वीजवाहिनी, नळ व उद्वाहन यांचे भूसंपर्कन तडित संरक्षणापासून ‘स्वतंत्र’ ठेवले असेल, तर दोहोंमध्येच ठिणगी पडते. झेलदंडासाठी निराळा खड्डा आणि बाकीच्यासाठी निराळा, ही पुण्यात अजूनही आढळणारी रूढी त्यामुळे धोक्याची आहे. खड्डे कितीही असोत, ते एकमेकांस व पायाच्या सळयांस जोडलेले असावेत असे मानक सांगते.

## गंजणे कोठे व का होते

सगळे एकमेकांस जोडणे विजेच्या दृष्टीने योग्य असले, तरी गंजण्याचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते व त्यातील लोखंडावर एक पातळ संरक्षक थर बसतो. त्यामुळे काँक्रीटमधील लोखंडाचे विद्युत वर्चस् मातीतील तांब्याच्या जवळपास येते. मातीतील जस्ताचे वर्चस् त्याहून अर्धा ते एक व्होल्ट ऋण असते. दोन्ही जोडले की ओल्या मातीच्या साहाय्याने एक विद्युत घट तयार होतो, जणू इमारतीखाली एक सेल पुरलेला असावा. त्यात पायाच्या सळया सुरक्षित राहतात आणि खड्ड्यातील पट्टी झिजते.

झिजेचा वेग क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. वरील इमारतीच्या पायात सरासरी १२ मिलिमीटर जाडीच्या १० टन सळया असतील, तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे ४२५ चौरस मीटर भरतो. खड्ड्यात अडीच मीटर खोल पुरलेल्या ५० × ६ मिलिमीटरच्या जी.आय. पट्टीचा पृष्ठभाग केवळ ०.२८ चौरस मीटर असतो. लहान क्षेत्रातून सारा प्रवाह बाहेर पडतो. हा प्रवाह अवघा १० मिलिअँपिअर धरला तरी त्याने वर्षाला १०७ ग्रॅम जस्त विरघळते. पट्टीवर दर चौरस मीटरला ६०० ग्रॅम जस्त असेल, तर एकूण १६८ ग्रॅम होते आणि ते दीड वर्षाच्या आसपास संपते. पुढे वर्षाला ९१ ग्रॅम लोखंड जाऊ लागते. ही झीज संपूर्ण पट्टीवर सारखी पसरली, तर सुमारे ५.९ किलोग्रॅमची पट्टी साठ वर्षांहून अधिक टिकेल. ती १० सेंटिमीटर लांबीवर एकवटली, तर तेथील २३५ ग्रॅम लोखंड अडीच वर्षांत नाहीसे होईल. गंज एकूण किती झाला याहून तो कोठे झाला हे म्हणून महत्त्वाचे ठरते.

एकवटण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात. पहिली जागा जमिनीच्या पृष्ठभागालगतची. पट्टी मातीतून हवेत येते त्या पट्ट्यात वरच्या मातीस प्राणवायू व पाऊस मिळतो, खालची माती दमट व प्राणवायूविरहित असते. प्राणवायू कमी असलेला भाग झिजतो. म्हणून पृष्ठभागाच्या वर व खाली प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटर पट्टीवर गंजरोधक टेप किंवा आकुंचनशील नळी चढवतात. दुसरी जागा पट्टी काँक्रीटमधून मातीत उतरते ती सीमा, जेथे दोन्ही वर्चस् हाताच्या अंतरावर येतात व प्रवाह सर्वांत जवळच्या उघड्या पट्टीतून बाहेर पडतो. जस्तलेपित पट्टी अशी बाहेर काढणे अयोग्य मानले जाते. तेथे मॉलिब्डेनमयुक्त, ३१६ प्रकारचे निष्कलंक पोलाद वापरतात.

तिसरी जागा विश्रांतवाडीच्या जमिनीस विशेष लागू पडते. खोदकामात वरची काळी माती व खालचा मुरूम एकाच खड्ड्यात भेटले, तर चिकण मातीतील भाग प्राणवायूविना राहून ऋण बनतो व थरांच्या सीमेजवळ पट्टी बारीक होत जाते. चौथी जागा खड्ड्याच्या झाकणाखालील बोल्टचा सांधा. तेथे तांब्याची तार थेट जस्तलेपित पट्टीवर आवळली, तर पावसाचे साचलेले पाणी त्या दोन धातूंचा घट पूर्ण करते.

मीठ व कोळशाच्या पारंपरिक खड्ड्याचाही येथे विचार करणे भाग आहे. मिठाने रोध कमी होतो हे खरे, परंतु क्लोराइडमुळे जस्त व लोखंड दोन्ही लवकर खाल्ली जातात, पावसाने मीठ वाहून जाते आणि रोध पुन्हा वाढतो. ते पायाच्या जवळ झिरपले तर काँक्रीटमधील सळयांचा संरक्षक थरही मोडते. कोळसा व कोक हे कर्ब असल्याने पट्टीपुढे तांब्यासारखेच वागतात. आयएस ३०४३ मध्ये कोकचा चुरा भरण्याची शिफारस नाही. त्याऐवजी बेंटोनाइट मातीचे भरण अधिक सौम्य ठरते.

## तपासणी

गंज उघड होत नाही यास एक साधे कारण आहे. खड्ड्यावर अर्थ टेस्टर लावला की बहुधा १ ओहमपेक्षाही कमी आकडा दिसतो आणि अहवालात ‘समाधानकारक’ अशी नोंद होते. हा आकडा त्या खड्ड्याचा नसतो. जोडणी न सोडता मोजल्यास पायाच्या सळया, शेजारचे खड्डे व महावितरणच्या वाहिनीचा न्यूट्रल हे सर्व मिळून तो तयार होतो. खालची पट्टी पूर्ण तुटलेली असली तरी तो फारसा बदलत नाही. पट्टी खरी तपासायची तर चाचणी सांधा उघडून तिला एकटी करून मोजावे लागते. खड्डा ज्या यंत्रणेचा एकमेव भूसंपर्क आहे, तिचा सांधा पुरवठा चालू असताना किंवा आकाशात ढग असताना उघडणे जीवघेणे ठरू शकते, म्हणून हे काम परवानाधारक वीजतंत्र्याने पुरवठा बंद करून करावयाचे असते.

सांधा उघडला असताना दोन टोकांमध्ये मिलिअँपिअर मापक जोडल्यास गंजण्याचा एकदिश प्रवाहही दिसतो. काही मिलिअँपिअर सतत वाहत असतील, तर वरील गणिताने झिजेचा अंदाज बांधता येतो. शंका राहिल्यास पट्टीलगत ३० ते ४० सेंटिमीटर खणून तिची जाडी कॅलिपरने मोजतात. त्याहून खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

पायाच्या सळयांस जोडलेल्या नव्या कामात मातीतील भाग ३१६ पोलादाचा, तांब्याचा किंवा २५० मायक्रॉन तांबे चढवलेल्या पोलादी दंडाचा ठेवतात. या धातूंचे वर्चस् सळयांच्या जवळ असल्याने घट दुर्बल होतो. तांबे वापरल्यावर जवळच्या जी.आय. जलवाहिनीची व विंधन विहिरीच्या लोखंडी आवरणनळीची झीज मात्र वाढू शकते. प्रश्न शेजारच्या धातूकडे सरकतो. जुन्या जस्तलेपित खड्ड्यांसाठी आणखी एक उपाय आहे. खड्डा केवळ तडित संरक्षणाचा असेल, तर तो व सांगाडा यांमध्ये विलगक ठिणगी-अंतर बसवतात. एरवी ते एकदिश प्रवाह अडवते आणि वीज पडल्यास क्षणात वाहक बनते. वीजपुरवठ्याच्या भूसंपर्कात असे अंतर घालता येत नाही.

बाजारात ‘लायटनिंग अरेस्टर’ या नावाने मिळणाऱ्या, अधिक त्रिज्येचे संरक्षण देतो असा दावा करणाऱ्या झेलदंडांचा वरील कोणत्याही गोष्टीवर परिणाम होत नाही. आयएस/आयईसी ६२३०५ मध्ये झेलदंडाचे संरक्षणक्षेत्र त्याच्या प्रत्यक्ष उंची-लांबीवरूनच ठरते. असा दंड बसवून एकच पट्टी उतरवलेल्या इमारतीत २४ मीटरवरचा २४० किलोव्होल्टचा दाब तसाच राहतो.